विकायला नेलं तर किती येतील

आंधळगावात कुंताबाईला कोणी चांगलं म्हणत नाही, आणि मला त्याचा राग येतो. तिच्या सोनारीच्या दुकानाला लागूनच माझं शिलाईचं दुकान आहे. मधली भिंत एकेरी विटेची, त्यामुळे गेली अकरा वर्षं तिचं प्रत्येक गिऱ्हाईक मी माझ्या मशीनवर बसून ऐकलेलं आहे. लोक तिला तोंडाळ म्हणतात, खडूस म्हणतात, 'लक्ष्मी घ्यायला जावं अन् बाई तेरवीच्या गोष्टी सांगते' असंही म्हणतात. यातला एकही माणूस तिच्याकडून फसलेला नाही. तरीही बोलतात.

नवरा वारल्यावर तिने दुकान बंद केलं नाही, हा पहिला गुन्हा. सोनारीण गल्ल्यावर बसली तर चालते, भट्टीवर बसली की लोकांच्या पोटात दुखतं. दुसरा गुन्हा मोठा. ती दागिना विकतानाच सांगते, की हा उद्या विकायला नेलास तर किती येतील. लग्नाचा बस्ता चाललेला असतो, बायका नटून आलेल्या असतात, आणि ही कसोटीचा काळा दगड पुढे ठेवून म्हणते, घडणावळ गेली, जीएसटी गेला, खड्यांचं वजन गेलं, आता राहिलं ते ऐका. आपल्याकडे शुभकार्यात मोडीची गोष्ट काढणं म्हणजे अपशकुन. नवरीचं सोनं दगडावर घासणं म्हणजे तर समोरच्याचा अपमान. सोनं घेताना सगळे इतके लाजाळू होतात, की लुटणाऱ्याला वेगळे कष्टच घ्यावे लागत नाहीत.

मागच्या वर्षी गावातला मनिष अठरा कॅरेटची खड्यांची अंगठी कुठूनशी घेऊन आला होता. बायकोसाठी, हौसेने. पन्नास हजारांना घेतली म्हणाला. कुंताबाईने वजन केलं, खड्यांचं वजा केलं, शिक्का पाहिला, आणि सांगितलं की अठरा कॅरेट म्हणजे चोवीस भागांत अठरा भाग सोनं, बाकी तांबं-चांदी. सोनं खरं आहे, फसवणूक नाही, पण मोडीत हातात तीस हजार पडतील. बाकीचे वीस हजार तू चकाकीचे दिलेस. मनिष तिच्यावरच चिडला. ज्याने वीस हजार घेतले त्याला नमस्कार, आणि जिने फुकटात खरं सांगितलं तिला शिव्या. हे असं आमचं गाव.

आता भावनाची गोष्ट सांगते, कारण कुंताबाई काय चीज आहे ते त्या दिवशी मला कळलं.

भावना म्हणजे आमच्या गल्लीतल्या शकुनबाईची मुलगी. चार वर्षांपूर्वी तिला बपेऱ्याला दिली. शकुनबाईने आपल्या जुन्या पाटल्या आणि गोठ कुंताबाईकडे मोडून तीन तोळ्यांचं नवं केलं: दीड तोळ्याच्या दोन बांगड्या, एका तोळ्याची चेन आणि गळ्यातली अर्ध्या तोळ्याची एकदाणी. सगळं बावीस कॅरेट. लग्नाच्या यादीवर मात्र लिहिलं गेलं 'सोने तीन तोळे', बस्स. कॅरेट लिहायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. पोरगी नांदायला गेली त्याच महिन्यात सासऱ्याने, धनीरामने, दागिने 'सांभाळायला' म्हणून कपाटात ठेवून घेतले. पुढे तिचा नवरा कमलेश हात उचलू लागला. दोन वर्षांपूर्वी भावना कानातले डूल आणि अंगावरच्या साडीनिशी परत आली.

आता तिला स्वतःचं काहीतरी उभं करायचं होतं. आमच्याकडे मिरचीला तोटा नाही, पण कांडून घ्यायला लोक मोहाडीला जातात. भावनाने मिरची कांडप यंत्राची चौकशी केली होती. यंत्र, मोटार, वीजजोडणी आणि गाळ्याची अनामत मिळून सव्वातीन लाख. घटस्फोटाचे कागद सहीवर आले होते, आणि दोन्हीकडच्या चार माणसांनी बसून ठरवलं की धनीरामने यादीप्रमाणे तीन तोळे परत करावे. त्या आठवड्यात चोवीस कॅरेटचा भाव दहा ग्रॅमला सव्वा लाखाच्या आसपास होता. बावीस कॅरेटचे तीन तोळे म्हणजे मोडीतही सव्वातीन लाखांच्या वर. पोरीचं सगळं आयुष्य त्या तीन तोळ्यांवर टेकलेलं होतं.

शकुनबाईने मला सोबत चल म्हटलं. कुंताबाईला कोणी बोलावलं नव्हतं. ती आपली कसोटी, कानस आणि तेजाबाची बाटली एका डब्यात घालून सकाळी आमच्या ऑटोत येऊन बसली. शकुनबाई कुरकुरली, की तिथे दगड काढू नका, पाहुण्यांना वाईट वाटेल. ज्यांनी हिच्या पोरीला मारून घालवली त्यांना वाईट वाटेल म्हणून ही घाबरत होती. मला तिला ऑटोतून उतरवावंसं वाटलं.

बपेऱ्याला धनीरामच्या ओसरीवर सतरंजी टाकलेली होती. मध्यस्थ म्हणून तिथले इश्वरभाऊ, आठ-दहा बघे, आणि मधोमध इलेक्ट्रॉनिक काटा. धनीरामने रुमाल सोडून दागिने काट्यावर ठेवले. आकडा आला तीस ग्रॅम, वर थोडे मिलिग्रॅम. इश्वरभाऊंनी मोठ्याने वाचला. सगळ्यांच्या माना हलल्या. एक म्हातारा तर म्हणाला, बांगड्या पाहा किती जाड आहेत, देणाऱ्याने हात आखडला नाही. शकुनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. धनीरामने पावतीचा कागद पुढे केला, 'यादीप्रमाणे तीन तोळे सोने मिळाले, पुढे काही मागणे नाही', आणि भावनाच्या हातात पेन दिला.

कुंताबाईने बांगडी उचलली, तळहातावर तोलली, आणि पेन भावनाच्या हातातून काढून घेतला.

"मी केलेल्या बांगड्या बारीक होत्या," ती म्हणाली. "वजन तेवढंच अन् जाडी दुप्पट कशी झाली, धनीरामभाऊ? सोनं काय धान आहे, भिजवलं की फुगाले?"

तिचा हिशोब साधा होता. सोनं जड असतं. पितळ त्याच्या निम्म्याने हलकं. तेवढ्याच वजनात जाड बांगडी हवी असेल तर आत सोनं असूच शकत नाही. जी जाडी बघून म्हातारा खूश झाला, तीच चोरीची खूण होती.

कमलेश तयारीतच बसला होता. त्याने बांगडीच्या आतला शिक्का दाखवला, त्यावर १४ के असं इंग्रजीत कोरलेलं होतं. मग खिशातून एका दुकानातल्या सोनं तपासायच्या मशीनची चिठ्ठी काढली, सोनं अठ्ठावन्न टक्के. म्हणजे चौदा कॅरेट. यादीत बावीस लिहिलेलं नाही, सोनं लिहिलेलं आहे, आणि हे सोनं आहे. तो इतका सफाईने बोलत होता की दोन-तीन बघे 'बराबर हाय' म्हणून गेले. लेखी कागद दिसला की आपली माणसं डोळे मिटतात.

कुंताबाईने बांगडी इश्वरभाऊंच्या हातात दिली आणि चौदाच्या अलीकडे काय आहे ते वाचायला सांगितलं. त्यांनी चष्मा वर-खाली केला. तिथे एक भागिले वीस असं होतं, आणि चौदाच्या पलीकडे जीएफ ही दोन अक्षरं.

मग तिने समजावलं, आणि मी तिला इतक्या शांतपणे बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मुलामा म्हणजे पितळेवर सोन्याच्या पाण्याचा हात, वर्ष-दोन वर्षांत घासून जातो, मोडीत शून्य. हे त्याहून बरं. याला गोल्ड-फिल्ड म्हणतात. नावावरून वाटतं आत सोनं भरलंय, पण उलटं आहे, आत पितळ आणि वरून सोन्याच्या पत्र्याची साल दाबून चढवलेली. एक भागिले वीस म्हणजे वजनाच्या विसाव्या भागाएवढी साल, आणि ती साल चौदा कॅरेटची. दीड तोळ्याच्या बांगड्यांत साल पाऊण ग्रॅम. त्यात शुद्ध सोनं अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. आजच्या भावाने साडेपाच हजारांच्या आत, तेही कागदावर. ते पितळेपासून सोडवायचा खर्च कोणता सोनार करेल? कोणीच घेत नाही. आणि मशीन खोटं बोललं नाही, ते फक्त वरची साल बघतं. सालीला विचारलं, सालीने सांगितलं.

"म्हणजे तूच पितळ घातलं होतं," धनीराम म्हणाला. "बांगड्या तुझ्या दुकानच्या. आम्ही तर जसं आलं तसंच कपाटात ठेवलं. बिल दाखव बावीसचं."

बिल नव्हतं. शकुनबाईने आपलंच सोनं मोडून करून घेतलं होतं, मजुरीवरचा कर वाचावा म्हणून नको म्हटलं, आणि कुंताबाईने हो म्हटलं. साध्या चिठ्ठीवर वजन लिहून दिलं होतं, तेवढंच. दुनियेला कॅरेट विचारायला शिकवणारी बाई, आणि स्वतःच्या हातचा कागद कोरा. माझा संताप धनीरामवरून उडून क्षणभर तिच्यावर गेला. तिचाही गेला असावा, कारण तिचा चेहरा काळवंडला.

"बिल नाई दिलं. ती माझी चूक," ती म्हणाली. "पण हे माझं काम नाई, ते मी आत्ता दाखवतो."

तिने कानस काढली. धनीराम म्हणाला, दागिना खराब होईल. ती म्हणाली, खरा निघाला तर डाग देऊन पुन्हा जोडून देतो, मजुरी माझी. चार वेळा घासली तशी पिवळ्याच्या आत दुसरंच फिकट पिवळं दिसलं. त्यावर तेजाबाचा थेंब टाकला तर हिरवा फेस आला. बघे पुढे वाकले. तिने फेसाच्या बाजूची साल नखाने दाखवली, चारी बाजूंनी सारखी, एकसंध. अशी साल पितळेवर चढवायला कारखान्याचे रूळ लागतात, उष्णता आणि दाब लागतो. तिच्याकडे फुंकणी आणि एक भट्टी आहे. फार तर मुलामा देता येईल, हे नाही. कोणाला शंका असेल त्याने आंधळगावला यावं आणि तिच्या दुकानात हे करून दाखवावं, ती दुकान त्याच्या नावावर करेल.

चेनीचं वेगळं होतं. चेन खरी होती, अठरा कॅरेट, शिक्क्यांसह. म्हणजे चोराने एक वस्तू खरी ठेवली होती, बाकीच्यांना तिच्या आडोशाला लपवायला. कुंताबाईने मला सहा अक्षरांचा हॉलमार्कचा नंबर वाचून दाखवला आणि सरकारी अ‍ॅपवर टाकायला सांगितलं. मी टाकला. चेन, अठरा कॅरेट, आणि शिक्का मारल्याची तारीख. ती मी तीनदा वाचली. मागच्या वर्षीचा मार्च. लग्न चार वर्षांपूर्वीचं. भावना घर सोडून आल्यानंतर घेतलेली चेन तिच्या लग्नातली म्हणून परत देत होते. मी फोन इश्वरभाऊंच्या हातात दिला आणि मला जे तोंडात आलं ते बोलले. ते इथे लिहीत नाही.

एकदाणी दगडावर घासली, तर पहिल्यांदा रेघ पिवळी आली आणि दुसऱ्यांदा तांबूस. निव्वळ मुलामा. म्हणजे तीस ग्रॅम काट्यावर बरोबर होते, आणि त्यांची मोडीची किंमत होती त्या एका चेनीची, घट धरून नव्वद-एक हजार. सव्वातीन लाखांच्या जागी नव्वद हजार.

इश्वरभाऊ माणूस वाईट नाही, पण मध्यस्थाची जात, त्यांना तंटा संपवायचा असतो, न्याय करायचा नसतो. ते म्हणाले, झालं गेलं, दोघांनी थोडं थोडं सोडा, पोरीने चेन घ्यावी आणि सही करून मोकळं व्हावं. पोरीनेच सोडायचं. चार वर्षांत तिने काय काय सोडलं ते विचारायला कोणी बसलेलं नव्हतं. शकुनबाई मान खाली घालून पदर चोळत होती, आणि मला दिसत होतं की ती हो म्हणणार.

भावनाने कुंताबाईपुढे हात केला.

"मावशी, पेन द्या. मी सही करतो."

कुंताबाईने तिच्याकडे पाहिलं. पेन दिला. भावनाने छापील ओळीवर काट मारली आणि खाली लिहायला लागली, लिहिताना मोठ्याने वाचत होती. चेन एक, दहा ग्रॅम, अठरा कॅरेट, शिक्का मागच्या वर्षीच्या मार्चचा, माझी नाही. मग थांबून तिने बांगड्यांचं कसं लिहायचं ते विचारलं, आणि कुंताबाईने सांगितलं, तसंच लिहिलं: बांगड्या दोन, पंधरा ग्रॅम, आत पितळ, वरून विसावा भाग चौदा कॅरेटची साल, मोडीत कोणी घेत नाही, माझ्या नाहीत. एकदाणी एक, पाच ग्रॅम, मुलामा, माझी नाही. वरील वस्तू धनीराम यांनी माझे सोने म्हणून पंचांसमोर दिल्या. खाली तिने सही केली, तारीख घातली, आणि कागद इश्वरभाऊंपुढे ठेवला.

"आता तुमची सही करा, इश्वरभाऊ. तुमच्यासमोरच दिलं ना?"

इश्वरभाऊंनी पेनाला हात लावला नाही. असा कागद ठाण्यात गेला तर काय होतं ते त्यांना कळत होतं, आणि धनीरामलाही. धनीराम कागद ओढायला गेला तशी मी तो उचलून माझ्या पर्समध्ये टाकला. फोटोही काढून ठेवला. मग कुठे त्याचं तोंड उघडलं. चेन आणि एकदाणी त्याने मागच्या उन्हाळ्यात मुलीच्या लग्नात मोडल्या होत्या. सव्वा महिन्यात बावीस कॅरेटची, शिक्क्याची, बिलासह आणून देईन म्हणाला. इश्वरभाऊंनी ते लिहून घेतलं, आणि या वेळी कॅरेट लिहिलं. कुंताबाईने दोनदा वाचून घेतलं.

"अन् बांगड्या?" तिने विचारलं.

कमलेश सतरंजीची दशी उपटत होता. तेवढ्यात आतल्या दारातून रिता बाहेर आली. धनीरामची मुलगी, माहेरपणाला आलेली, पोटुशी असलेली. तिने सगळं आतून ऐकलं असणार. दोन्ही हात साबणाने ओले होते आणि ती बांगडी काढायला मनगट पिळत होती. सुजलेल्या हातावरून निघत नव्हती. एक निघाली, दुसरीला कातडी सोलली. दोन्ही तिने काट्यावर ठेवल्या. बारीक होत्या. पंधरा ग्रॅम.

मला वाटलं कुंताबाई आता तरी दगड बाजूला ठेवेल. सगळ्यांचे डोळे भरले होते. तिने दोन्ही बांगड्या घासल्या, तेजाब लावलं, रेघ जशीच्या तशी राहिलेली पाहिली, आणि मग भावनाच्या हातात दिल्या. बावीस, म्हणाली. मला त्या क्षणी ती निर्दय वाटली, पण ती तशी नसती तर आम्ही सकाळीच पितळ घेऊन घरी आलो असतो.

रिता उभीच होती. तिने कुणाला नाही, बापालाच विचारलं.

"बाबा, सासरी मोजून घेतलं आहे माझं सोनं. आता मी तिथं काय सांगू?"

धनीरामने इकडे तिकडे पाहिलं. सतरंजीवर त्या जाड बांगड्या पडल्या होत्या, एकीवर कानशीचा घाव. त्याने न कापलेली उचलली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि पोटच्या पोरीपुढे धरली.

"तवपर्यंत हे घाल," तो म्हणाला. "वजन बराबर हाय. त्याईले काय समजते."

रिता त्या बांगडीकडे बघत राहिली. मग भावनाकडे बघितलं, आणि ओले हात पदराला पुसत आत निघून गेली. बापाचा हात तसाच पुढे राहिला.